त्रिकोण चाचणी आणि हेडोनिक स्केल: प्रात्यक्षिक परीक्षेच्या तयारीच्या नोंदी

३ जानेवारी

यंदा संवेदी मूल्यमापनाच्या प्रात्यक्षिकाला एकच प्रश्न दोन भागांत द्यायचं ठरलं. संत्र्याच्या स्वादाच्या पेयातली साखर कमी केली तर पिणाऱ्याला ते कळतं का, हा पहिला भाग. कळत असेल तर ते पेय त्याला कमी आवडतं का, हा दुसरा. पहिल्यासाठी त्रिकोण चाचणी, म्हणजे तीन कपांतला वेगळा एक ओळखणं. दुसऱ्यासाठी हेडोनिक स्केल, म्हणजे पेय किती आवडलं हे सांगणारी नऊ पायऱ्यांची पट्टी.

जर्नलमध्ये हे दोन प्रयोग वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या पदार्थांवर केलेले असतात. त्यामुळे मुलं दोन्हींची कृती पाठ करतात, पण दोन्ही चाचण्या दोन निराळे प्रश्न विचारतात हे त्यांच्या लक्षात राहत नाही. दर परीक्षेत त्रिकोण चाचणीच्या फॉर्मवर खाली एक ओळ सापडते: ‘यांपैकी कोणता नमुना जास्त आवडला?’ ही ओळ निरुपद्रवी वाटते, पण ती उत्तर बिघडवते. तीन कपांतला वेगळा कप शोधायला सांगितला की माणूस खोट शोधण्याच्या तयारीनेच चाखतो. जो वेगळा वाटला त्याच्यात काहीतरी बिनसलंय असं मनाने आधीच घेतलेलं असतं, आणि मग आवडीचं उत्तरही त्याच बाजूला झुकतं.

दोन्ही चाचण्यांचा उगम सांगितला की हा फरक मुलांच्या चटकन ध्यानात येतो. त्रिकोण चाचणी १९४० च्या दशकात मद्यनिर्मितीच्या धंद्यात रुजली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतलं काम त्यात अग्रभागी होतं. तिथे प्रश्न होता, आजचा घाणा कालच्यासारखाच उतरला का? हेडोनिक स्केल अमेरिकी सैन्याच्या शिकागोतल्या अन्नसंशोधन संस्थेत घडली, आणि पेरियम व पिलग्रिम यांनी १९५७ मध्ये ती पद्धत मांडली. तिथला प्रश्न होता, सैनिकांना हे जेवण किती आवडतं? पहिल्या ठिकाणी माणूस मोजमापाचं उपकरण आहे, दुसऱ्या ठिकाणी तो खाणारा आहे.

५ जानेवारी

पेय ठरवलं. ‘अ’ नमुन्यात एक किलो पेयामागे १०० ग्रॅम साखर, ‘ब’ मध्ये ८५ ग्रॅम. सिट्रिक आम्ल दोन्हींत किलोमागे २ ग्रॅम, रंग आणि स्वाद तंतोतंत सारखा. सगळं वजनावर करायचं, मापपात्राने नाही. म्हणजे सिट्रिक आम्ल घालण्याआधी साखरेचं प्रमाण दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर लावला की १० आणि ८.५ ब्रिक्स, म्हणजे वजनाने तितके टक्के साखर, असे आकडे थेट मिळतात आणि मिश्रण बरोबर झालंय की नाही हे तिथेच कळतं. आम्ल घातल्यावर आकडा थोडा वर सरकतो, त्यामुळे तपासणी आधीच उरकायची.

८५ ग्रॅम का? साखर निम्मी केली तर चोवीसपैकी चोवीस जण वेगळा कप दाखवतील आणि मुलांना आकडेमोड करण्यासारखं काही उरणार नाही. ९८ ग्रॅम ठेवली तर सगळे अंदाजच करतील. परीक्षेला असा फरक हवा की काहींना कळेल आणि काहींना नाही.

दोन्ही पेयं एकाच दिवशी, एकाच पाण्यातून बनवायची आणि एकाच फ्रिजमध्ये शेजारीशेजारी ठेवायची. थंडपणाने गोडी मंद लागते. एक बाटली दाराशी आणि दुसरी मागच्या भिंतीला टेकलेली असली, तर आपण साखरेऐवजी तापमानाची चाचणी घेऊन बसू.

८ जानेवारी

आज ट्रेची मांडणी केली. या प्रश्नाचा कणा हाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तीन कपांत दोन नमुने मांडायच्या सहा रीती होतात: अअब, अबअ, बअअ, बबअ, बअब, अबब. चोवीस जण असतील तर प्रत्येक रीत चार जणांच्या वाट्याला येते. मग ‘अ’ चे ३६ आणि ‘ब’ चे ३६ कप लागतात. प्रत्येक कपात ३० मिली, म्हणजे दोन्हींचं प्रत्येकी १०८० मिली. सांडलवंड आणि रिफ्रॅक्टोमीटरचे थेंब धरून दीड-दीड किलो करावं.

सहाही रीती का हव्यात? वेगळा कप नेहमी मधेच ठेवला तर मधला कप निवडण्याची माणसाची सवयच आपल्याला बरोबर उत्तरं मिळवून देईल. शिवाय गोड घोटानंतर कमी गोड घोट जास्त फिका लागतो, म्हणजे तोच फरक क्रमानुसार कमीजास्त जाणवू शकतो. क्रमांचा समतोल साधला की या गोष्टी कुठल्याच बाजूला झुकत नाहीत.

आता कोड. तीन अंकी आणि यादृच्छिक, म्हणजे १०१, १०२, १०३ असे ओळीने नाहीत. मी ‘अ’ साठी ४८२ आणि ६१७, ‘ब’ साठी ३५९ आणि ७४१ घेतले. अअब या ट्रेवर ४८२, ६१७, ३५९ असं दिसेल. प्रत्येक नमुन्याला दोन कोड लागतात, आणि जास्तीत जास्त उत्तरपत्रिका इथेच घसरतात. ‘एक नमुना, एक कोड’ हे हेडोनिक चाचणीत चालतं. तीच सवय इथे आणली तर ट्रेवर ४८२, ४८२, ३५९ असे कप येतात आणि चाखणाऱ्याला पेय तोंडाला लावायचीही गरज उरत नाही. परीक्षकाने कोडपत्रकावर पहिली नजर इथेच टाकावी.

फॉर्मवर एवढंच: ‘तीनपैकी दोन नमुने सारखे आहेत, एक वेगळा आहे. डावीकडून उजवीकडे चाखा. वेगळ्या नमुन्याच्या कोडभोवती गोल करा. खात्री नसली तरी एक निवडा.’ खाली नाव, तारीख, बूथचा क्रमांक आणि शेऱ्यासाठी एक रिकामी ओळ.

११ जानेवारी

दुसऱ्या वर्षाच्या काही मुलांवर रंगीत तालीम घेतली. तालमीतून नेमकं काय फुटतं ते बघणं हाच उद्देश होता, आणि फुटलं.

एका मुलीने कप उचलायच्या आत वेगळा कप दाखवला आणि ते उत्तर बरोबर निघालं. चाखल्याशिवाय कसं, असं विचारल्यावर ती म्हणाली, “सर, या कपाच्या कडेला बुडबुडे आहेत, बाकीच्या दोघांना नाहीत.” कप भरणारी मुलं दोन होती. एकजण बाटलीतून उंचावरून ओतत होता, दुसरा ड्रॉपरने कडेने सोडत होता. म्हणजे ‘अ’ आणि ‘ब’ मधला फरक ओतण्याच्या पद्धतीतच तयार झाला होता. आता दोन्ही नमुने एकाच हाताने, एकाच मापाने भरायचे आणि ट्रे बूथमध्ये जाण्याआधी दोन मिनिटं स्थिर ठेवायचे.

बूथमध्ये लाल दिवा आहेच. पण लाल उजेडाने रंगछटेतला फरक झाकला जातो, बुडबुडे, गढूळपणा आणि कपातली पातळी झाकली जात नाही. ‘लाल दिवा लावला’ एवढं लिहून मुलं पुढे सरकतात. तोंडी परीक्षेत मी विचारणार आहे की त्या दिव्याने काय लपतं आणि काय लपत नाही.

दुसरा प्रसंग शेवटच्या बूथमधला. “मला खरंच काही फरक कळत नाहीये, कोरं ठेवू का?” कोरं ठेवायचं नाही. या चाचणीचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे: काहीच न कळलेल्या माणसाचं उत्तर बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते. तो निवडच करणार नसेल तर हा तीनातला एक कोसळतो आणि किमान किती बरोबर उत्तरं हवीत हे सांगणाऱ्या कोष्टकातले आकडे लागू होत नाहीत. त्याने अंदाज करावा, आणि हवं तर शेऱ्यात ‘अंदाज’ असं लिहावं.

आणखी एकाने विचारलं, “वेगळा म्हणजे कमी गोड ना?” त्याला हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही. हे सांगितलं तर चाचणीच बदलते. पेयं तीच, माणसं तीच, पण प्रत्येक ट्रेवर दोन ‘अ’ आणि एक ‘ब’ ठेवून ‘सगळ्यांत कमी गोड कोणता’ असं विचारलं की सहसा जास्त उत्तरं बरोबर येतात, कारण माणसाला एकच गोष्ट तोलायची असते. ‘वेगळा कोणता’ हे ठरवताना तो प्रत्येक कप दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून बघतो, आणि दोन सारख्या कपांतही त्याला कधी फरक भासतो. उद्योगात साखरेपुरताच प्रश्न असेल तर मी स्वतः तो थेट प्रश्न निवडेन. पण साखर कमी केल्यावर आंबटपणा वर येतो, स्वाद पातळ वाटतो. नक्की काय बदलेल हे आधी सांगता येत नसेल तेव्हा त्रिकोण चाचणीच योग्य.

१६ जानेवारी

मुख्य चाचणी झाली. चोवीस जण, प्रत्येकाने एकदाच चाखलं. साखर वर्ज्य असलेल्यांना आणि सर्दी झालेल्यांना आधीच विचारून वगळलं होतं. चौदा जणांनी वेगळा कप बरोबर ओळखला.

कोष्टकात चोवीस जणांसाठी, ५ टक्के पातळीला, किमान १३ बरोबर उत्तरं लागतात. आपल्याकडे १४ आली, म्हणून फरक जाणवतो असं म्हणता येतं. मुलं इथे थांबतात. हा १३ आला कुठून ते त्यांना सांगता यावं, म्हणून हिशोब मांडून ठेवतो. सगळे निव्वळ अंदाज करत असते तर सरासरी ८ उत्तरं बरोबर आली असती. नशिबाने १२ किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण ०.०६८, आणि १३ किंवा जास्त येण्याची साधारण ०.०२८. पाच टक्क्यांची रेघ या दोघांच्या मधे पडते, म्हणून १३. चौदा किंवा जास्तची शक्यता जेमतेम ०.०१०.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो पुढचा हिशोब. चौदा जणांनी बरोबर ओळखलं म्हणजे चौदा जणांना फरक कळला, असं नाही. त्यात काही नशिबाचे धनी आहेत. खरोखर ओळखणाऱ्यांचं प्रमाण काढायला बरोबर उत्तरांच्या प्रमाणाला दीडने गुणून त्यातून अर्धा वजा करायचा:

१.५ × (१४ ÷ २४) − ०.५ = ०.३७५

चोवीसचे ३७.५ टक्के म्हणजे नऊ जण. ताळा करून बघू. नऊ जणांना खरंच कळलं. उरले पंधरा, ते अंदाज करणार, त्यातल्या एक तृतीयांशाचा अंदाज बरोबर येणार, म्हणजे पाच. नऊ आणि पाच चौदा. फळ्यावर हा ताळा मांडला की सूत्र पाठ करावं लागत नाही.

म्हणून अहवालातलं वाक्य ‘फरक आढळला’ एवढ्यावर संपू नये. ‘साखर १५ टक्क्यांनी कमी केल्यावर साधारण दहातल्या चौघांना फरक ओळखता आला’ असं लिहिलं तर उत्पादन बनवणाऱ्याला काहीतरी हाती लागतं. चोवीस जणांवरचा हा अंदाज ढोबळ आहे, हेही सोबत लिहावं.

१७ जानेवारी

सहकारी शिक्षिकेने विचारलं, “आणि दहाच बरोबर आले असते तर? मुलं सरळ लिहितील की दोन्ही नमुने सारखे आहेत.” तसं लिहिणारच, आणि ते चूक आहे. तेरा गाठता आले नाहीत याचा अर्थ एवढाच की फरक सिद्ध झाला नाही. सारखेपणा सिद्ध करायचा तर निराळा हिशोब लागतो.

आम्ही दोघांनी बसून तो केला. चोवीसात दहा बरोबर म्हणजे प्रमाण ०.४१७, आणि वरच्या सूत्राने खरोखर ओळखणारे १२.५ टक्के. हा झाला मधला अंदाज. त्याची ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा काढली तर ती ३७ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे दहाच बरोबर आले तरी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोकांना फरक कळत असण्याची शक्यता आपण झटकून टाकू शकत नाही. इतक्या कमी लोकांत ‘फरक नाही’ असं ठणकावून सांगता येत नाही. त्यासाठी बरीच मोठी संख्या लागते, आणि किती टक्के लोकांना कळलं तर चालेल हे आधी ठरवावं लागतं.

मोठी संख्या म्हटलं की एक पळवाट हमखास सुचवली जाते: आठ जणांना तीन-तीनदा चाखायला लावा, झाले चोवीस. नाही होत. ज्याची जीभ तीक्ष्ण आहे तो तिन्ही वेळा बरोबर सांगेल, आणि एकाच माणसाचं कौशल्य तीन माणसांचं म्हणून मोजलं जाईल. कोष्टक स्वतंत्र उत्तरांसाठी आहे. ही परिस्थिती प्रश्नपत्रिकेत छोटा प्रश्न म्हणून टाकायची.

२२ जानेवारी

हेडोनिक भागासाठी चाळीस जण ठरवले. नवे. त्रिकोण चाचणीला बसलेला कुणीही यात नाही, कारण दोन नमुन्यांत काहीतरी बदल आहे हे त्यांना माहीत झालंय. पॅनेलला प्रशिक्षणही नाही. प्रशिक्षित माणूस आम्लता आणि गोडी सुटी करून बघतो, सर्वसाधारण पिणारा तसं पीत नाही. खऱ्या ग्राहक चाचणीला शंभराच्या घरात माणसं असावीत. परीक्षेपुरते चाळीस चालवून घेतो आणि ते तसं लिहून ठेवतो.

इथे कप एकामागून एक द्यायचे. आधीचा कप आणि फॉर्म परत घेतल्याशिवाय पुढचा नाही. वीस जणांना आधी ‘अ’, वीस जणांना आधी ‘ब’. पहिल्या कपाला अनेकदा उगाच जास्त गुण मिळतात, ती जास्तीची उदारता दोन्ही नमुन्यांत वाटली जावी म्हणून. मधे पाण्याने चूळ आणि थोडी उसंत.

फॉर्मवर फक्त शब्द: अत्यंत आवडलं, खूप आवडलं, बऱ्यापैकी आवडलं, थोडं आवडलं, आवडलंही नाही आणि नावडलंही नाही, थोडं नावडलं, बऱ्यापैकी नावडलं, खूप नावडलं, अत्यंत नावडलं. आकडे छापायचे नाहीत. ९ ते १ हे गुण आपण नंतर देतो. आकडे दिसले की लोक परीक्षेचे गुण दिल्यासारखे ७ आणि ८ वाटत सुटतात.

२५ जानेवारी

निकाल आले. ‘अ’ ची सरासरी ७.०८, ‘ब’ ची ६.६५. दोन्ही नमुने त्याच चाळीस जणांनी चाखले असल्यामुळे जोडीची टी चाचणी लावायची, म्हणजे प्रत्येकाच्या दोन गुणांतला फरक काढून त्या चाळीस फरकांवर काम करायचं. फरकांची सरासरी ०.४२५, प्रमाण विचलन २.१. चाळीसच्या वर्गमुळाने भागल्यावर प्रमाण त्रुटी ०.३३, आणि टी आला १.२८. कोष्टकातली किंमत २.०२. म्हणजे सरासरी आवडीतला फरक सिद्ध होत नाही.

मुलं इथे लिहितील, ‘साखर कमी केली तरी चालेल.’ मी त्यांना गुणांची वाटणी काढायला लावणार आहे. ‘अ’ ला ९ देणारे ३, ८ देणारे ११, ७ देणारे १५, ६ देणारे ८ आणि ५ देणारे ३. पाचच्या खाली कुणीच नाही. एक उंचवटा, सातवर. ‘ब’ चं चित्र निराळं आहे: ९ देणारे ७, ८ देणारे ११, ७ देणारे ६, ६ देणारे ४, ५ देणारे ३, आणि मग पुन्हा चढ, ४ देणारे ७ आणि ३ देणारे २. ८-९ देणारे ‘अ’ ला चौदा होते, इथे अठरा झाले. त्याच वेळी नऊ जणांना हे पेय चक्क नावडलं. काहींना कमी गोड जास्त भावलं, काहींना ते फिकं किंवा आंबट वाटलं, आणि सरासरीने दोघांना एकमेकांत मिसळून टाकलं. टी लहान येण्याचं कारणही हेच, मतं फाकली म्हणून प्रमाण विचलन फुगलं.

त्रिकोण चाचणीशी हे जोडून वाचावं. तिथे कळलं की फरक जाणवतो, इथे कळलं की जाणवलेला फरक सगळ्यांना एकाच दिशेने नेत नाही. चाळीस जणांत दिसलेले दोन गट मोठ्या पॅनेलवर पुन्हा तपासावे लागतील, तोवर त्यांना शक्यता म्हणूनच मांडायचं.

२९ जानेवारी

प्रश्नपत्रिका अंतिम केली. विद्यार्थ्याला दोन बाटल्या, कप आणि यादृच्छिक अंकांचं कोष्टक मिळेल. त्याने सहा जणांसाठी सहा ट्रे लावायचे, कोडपत्रक आणि फॉर्म बनवायचा. सहा जणांच्या पॅनेलवर ५ टक्के पातळीला पाच बरोबर उत्तरं लागतात, पण त्यावरून निष्कर्ष काढायला सांगायचं नाही. मांडणी बघण्यापुरतंच ते. आकडेमोडीसाठी वरची चोवीस आणि चाळीस जणांची माहिती छापून देणार.

सर्वाधिक गुण कोडपत्रक आणि ट्रेच्या क्रमाला. त्यात चूक असेल तर पुढची सगळी गणितं बरोबर असूनही निकाल निरर्थक ठरतो. कोष्टक पाहून ‘फरक आहे’ लिहिण्याला मोजकेच गुण, नऊ अधिक पाचचा ताळा करून दाखवणाऱ्याला जास्त. हेडोनिक भागात टी काढण्याइतकेच गुण वाटणीचा आलेख काढून त्यावर दोन वाक्यं लिहिण्याला.

बहिःस्थ परीक्षकांसाठी तोंडी प्रश्नांच्या कागदावर सुरुवातीला हे लिहिलं: विद्यार्थ्याच्या ट्रेवरचे तीनही कोड वेगळे आहेत का ते पाहा, मग त्यालाच विचारा की चोवीसात दहा बरोबर आले असते तर अहवालात त्याने काय लिहिलं असतं.